पडद्याची कापलेली कड

२९ फेब्रुवारी २०२४ हा गुरुवार होता. कोणत्याही जुन्या दिनदर्शिकेत हे पडताळून पाहता येते. त्या दुपारी एका छोट्या कंपनीच्या टास्क बोर्डावरचे एक काम ‘तपासणी’च्या रकान्यातून ‘पूर्ण’च्या रकान्यात सरकले. कामाला दोन चित्रे जोडलेली होती आणि खाली चौकटताईंची मंजुरी होती. चित्रे आजही उघडतात. मंजुरीही तिथेच आहे. वादाच्या पलीकडचे असे एवढेच. त्यापुढचे बरेचसे माणसांच्या आठवणीवर उभे आहे, आणि आठवणी एकमेकींशी सगळीकडे जुळत नाहीत.

कंपनी एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खालच्या ड्रिलचा आवाज जमिनीतून वर यायचा, आणि नवा माणूस रुजू झाला की पहिला आठवडाभर विनाकारण स्वतःची दाढ चाचपायचा. काम मात्र गंभीर होते. वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या फ्रीझरांवर ही मंडळी दुरून लक्ष ठेवत. रक्त, लसी आणि एका ठिकाणी मातांनी दान केलेले दूध अशा गोष्टी त्या फ्रीझरांत असत. आतले तापमान सतत नोंदवले जाई, आणि ते मर्यादेपेक्षा वर गेले की वॉर्डच्या फोनवर संदेश जाई. संदेशाची सोय प्रत्येक फ्रीझरसाठी एका पानावर जाऊन वेगळी चालू करावी लागे.

चौकटताई तिथे तपासनीस होत्या. कुणी काम केले की ते खरेच झाले का, हे बघून त्या मंजुरी देत. पन्नाशीच्या अलीकडे पलीकडे, चष्मा कपाळावर, आणि चष्मा कुठे आहे हे दिवसातून एकदा तरी सगळ्यांना विचारणार. टोपणनावाचे कारण सोपे होते. चित्रातल्या महत्त्वाच्या जागेभोवती लाल चौकट काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घरीही तोच प्रकार. बाहेर पडण्याआधी गॅसच्या बंद बटणाचा फोटो, इस्त्रीच्या काढलेल्या पिनेचा फोटो, कुलपाचा फोटो. नवरा बस चालवायचा. त्याच्या फोनवर हे सगळे ओळीने येऊन पडे.

“अगं, आपलं लग्न झालंय त्याचाही एक पाठव,” तो म्हणे, “थांब्यावर उभं राहून बघत बसतो.”

“त्यात चौकट कुणाभोवती काढू?” ताई विचारत.

“सासूबाईंभोवती. महत्त्वाची जागा तीच.”

ऑफिसातल्या पुराव्याच्या नियमाचा उगम मात्र विनोदात नव्हता. तो मौनीपाशी होता.

मौनी हा चाळिशीतला तंत्रज्ञ. बोलताना अडखळायचा, विशेषतः कुणी अचानक प्रश्न विचारला की पहिलेच अक्षर घशात रुतून बसे. म्हणून तो फारसे बोलत नसे, आणि म्हणून ते नाव. पूर्वी कामांची तपासणी तोंडी व्हायची. आठवड्याच्या बैठकीत साहेब एकेकाला विचारत: केलंस? कधी केलंस? कशावरून? मौनीची पाळी आली की खोलीतली माणसे पंख्याकडे किंवा आपापल्या नखांकडे बघू लागत. साहेब मनाने वाईट नव्हते, पण धीर कमी. ते त्याचे वाक्य स्वतःच पुरे करून टाकत. एकदा त्यांनी ते “राहिलंय अजून” असे पुरे केले, आणि झालेले काम दुसऱ्याकडे सोपवले. दुसऱ्याने ते पुन्हा केले. मौनी मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते, असे ताई सांगत.

त्यानंतर ताईंनी नियम केला. प्रत्येक कामाला पुरावा जोडायचा. आधीची स्थिती, नंतरची स्थिती आणि परिणाम. संदेशाची सोय चालू केली असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि आलेल्या चाचणी संदेशाचा स्क्रीनशॉट. तपासणाऱ्याला एकही प्रश्न विचारावा लागता कामा नये. विचारावा लागला, तर पुरावा अपुरा.

नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडला. बैठक आटोपशीर झाली. रुग्णालयांकडचे व्यवस्थापकही त्यांच्याकडे येणारी चित्रे बघून खूश. आणि मौनी तर या कलेत सगळ्यांच्या पुढे गेला. त्याचे पुरावे असे की बघणाऱ्याने मान डोलवावी: बाणाला क्रमांक, चित्राला मथळा, आणि खाली एका ओळीत काय बघायचे ते. बैठकीत त्याचे नाव आले की साहेब म्हणत, “याचं काय, याचं बघून झालंय,” आणि पुढे जात. मौनीला वर्षानुवर्षे कुणी काही विचारले नाही. ताईंना याचे आतून समाधान होते. ते त्यांनी कुणाला बोलून दाखवले नव्हते, पण आपण आयुष्यात एक चांगले काम केले असे त्या धरून चालत.

कापण्याचा उपनियम नंतर आला. एकदा साहेबांनी स्वतः जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये वरच्या टॅबवर ‘टक्कल थांबवण्याचे घरगुती उपाय’ असे स्वच्छ वाचता येत होते, आणि ते चित्र एका रुग्णालयाच्या व्यवस्थापकापर्यंत गेले होते. दोन दिवस ऑफिसात कुणाला तोंड वर करून बघवेना. शिवाय व्यवस्थापकांचीही तक्रार होती की फोनवर अख्खा पडदा उघडला की अक्षर मुंगीएवढे दिसते. ताईंनी फलकावर लिहिले: चौकट काढा, बाकीचे कापा. तेव्हापासून सगळे कापू लागले. चित्रे नेटकी दिसू लागली.

सोमवारी, १० जूनला सकाळी, ताई पिशवी खांद्यावरून काढत होत्या तेव्हा फोन वाजला. पलीकडे दुग्धपेढीच्या सिस्टर होत्या. या सिस्टरांचा आवाज ताईंनी आजवर एकदाही ऐकला नव्हता. कामे चित्रांवर भागत.

“तुमच्याकडून मेसेज का नाही आला?” सिस्टर म्हणाल्या. नमस्कार नाही, काही नाही.

“कसला मेसेज?”

“अहो, फ्रीझर बंद पडलाय! दार उघडलं तर बाटल्यांत नुसतं पाणी झाल्यासारखं. सगळं दूध वितळलंय. सगळं टाकायचंय आता. आठव्या महिन्यात जन्मलेली पोरं आहेत माझ्याकडे, त्यांच्यासाठी बायांनी दिलेलं दूध आहे हे. मेसेज येतो म्हणून तर आम्ही रविवारी कुणाला ठेवत नाही ना?”

ताईंची पिशवी कोपरापर्यंत आली होती, ती तिथेच लोंबकळत राहिली.

त्यांनी लाइव्ह प्रणाली उघडली. आलेख समोर होता. शनिवारी संध्याकाळपासून रेघ वर चढत गेली होती, जिना चढावा तशी, आणि रविवारी दुपारी शून्याच्याही वर गेली होती. यंत्राने इमानेइतबारे सगळे नोंदवले होते. प्रणालीने सगळे पाहिले होते आणि कुणालाही सांगितले नव्हते. ताईंनी त्या फ्रीझरचे सेटिंगचे पान उघडले. संदेशाची सोय: बंद.

“हे कसं शक्य आहे?” त्या मोठ्याने म्हणाल्या. खोलीत साहेब होते, शेजारच्या टेबलावरची हिशेबनीस होती, आणि खालून ड्रिलचा आवाज येत होता. “हे मी मंजूर केलंय. मी डोळ्यांनी बघितलंय!”

साहेब खुर्चीसकट सरकत आले. त्यांनी पडद्याकडे पाहिले. मग त्यांनी टास्क बोर्ड उघडायला सांगितले. २९ फेब्रुवारी. करणारा: मौनी. पहिल्या चित्रात फ्रीझरचे नाव, मर्यादा, आणि लाल चौकटीत हिरवे बटण: चालू. दुसऱ्या चित्रात मौनीच्या फोनवर आलेला चाचणी संदेश.

“चालू होतं,” साहेब म्हणाले. “आता बंद आहे. म्हणजे एक तर यानं नंतर बंद केलं, नाहीतर…”

ते थांबले, कारण ताईंनी तोंडावर हात घेतला होता.

कंपनीत प्रणालीच्या दोन प्रती होत्या. एक लाइव्ह, जिच्यावर रुग्णालये चालत. दुसरी टेस्ट, जिच्यावर ही मंडळी आधी करून बघत. टेस्ट ही लाइव्हचीच नक्कल. फ्रीझरांची नावे तीच, तापमानही खऱ्या फ्रीझरांकडूनच येणारे, म्हणजे पाने खऱ्यासारखी दिसावीत. फरक फक्त दोन. टेस्टवरून संदेश ऑफिसातल्या माणसांच्याच फोनवर जात, वॉर्डला नाही. आणि टेस्टच्या पानावर अगदी वरती एक नारिंगी पट्टी असे: ‘ही टेस्ट प्रणाली आहे.’

अगदी वरती. ब्राउझरच्या पत्त्याच्या लगेच खाली. जिथून सगळे कापत.

“साहेब,” ताई म्हणाल्या, “या चित्रावरून हे कळतच नाही, लाइव्ह की टेस्ट. पट्टी कापली गेली असेल. किंवा नसेलच. पत्ता पण नाही. घड्याळ पण नाही.”

“मग मंजूर काय बघून केलंत?”

“चौकट बघून,” ताई म्हणाल्या.

मौनी आला तेव्हा खोलीतले वातावरण बघून दारातच थबकला. साहेबांनी त्याला बसूही दिले नाही. रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. त्यांना दुपारच्या बैठकीत कारण हवे होते, आणि त्याहून जास्त, नाव हवे होते.

“टेस्टवर केलंस ना?” साहेबांनी विचारले. “सरळ सांग. टेस्टवर केलंस, फोटो काढलास आणि चिकटवलास?”

मौनीचा ओठ हलला. अक्षर आले नाही. साहेबांनी सवयीने वाक्य उचलले. “बघा, बोलत नाहीये. म्हणजे तसंच.”

“साहेब, थांबा हो जरा!” हिशेबनीस म्हणाली.

“काय थांबा? तिकडे पोरांचं दूध गटारात चाललंय आणि मी थांबू? दुपारी मी त्यांना सांगणार आहे, ज्यानं केलं त्याला आम्ही काढलंय. विषय संपला.”

मौनी आपल्या टेबलाशी जाऊन बसला. त्याने संगणक चालू केला नाही. ताईंनी त्याच्याकडे बघण्याचे टाळले. खरे सांगायचे तर त्या घटकेला ताई त्याच्यावर चिडलेल्या होत्या. इतकी वर्षे ज्याच्यासाठी भिंत उभी केली त्यानेच वीट काढावी, असे काहीसे त्यांच्या मनात होते. पण अंगी मुरलेली सवय वेगळेच सांगत होती: नाव घेण्याआधी बघ.

त्या बघत बसल्या. सर्वांत सोपा मार्ग प्रणालीची नोंदवही. कुणी कोणते बटण कधी दाबले ते तिथे लिहिले जाते. पण लाइव्हची ती नोंद महिन्याभराने आपोआप पुसली जाई, आणि फेब्रुवारी कधीच पुसून गेला होता. टेस्टची तर त्याहून लवकर. मग चित्रातले तापमान. चित्रात बटणाच्या शेजारी त्या क्षणाचे तापमान दिसत होते, आणि लाइव्हवर त्या दुपारचे तापमान साठवलेले होते. ताईंनी ते काढले. आकडा दशांशापर्यंत जुळला. हिशेबनीस आनंदाने ओरडली. “जुळलं! म्हणजे लाइव्हच!”

“नाही गं,” ताई म्हणाल्या. “टेस्टलाही तेच तापमान दिसतं. जुळणारच.”

दुसरे चित्र, फोनवरचा संदेश. मजकूर दोन्हीकडून एकच, पाठवणाऱ्याचे नावही एकच, आणि चाचणी संदेशाची प्रत लाइव्हवरूनही काम करणाऱ्याच्या फोनवर येई. लाइव्हवरून गेला असता तर तोच संदेश वॉर्डच्या फोनवरही गेला असता.

म्हणजे एक व्यक्ती अशी होती जिला हे ठाऊक असण्याची शक्यता होती, आणि तिला कधी कुणी विचारलेच नव्हते. ताईंनी सिस्टरांना फोन लावला. पलीकडे बाटल्या रिकाम्या करण्याचा आवाज येत होता.

“सिस्टर, फेब्रुवारीच्या शेवटी तुमच्या वॉर्डच्या फोनवर आमचा चाचणीचा मेसेज आला होता का? आठवून बघा हो.”

“आला होता एकदा,” सिस्टर म्हणाल्या. “मी दचकले होते. पळत गेले फ्रीझरकडे, तर सगळं ठीक.”

“कधी? फेब्रुवारीत?”

“आता ते कसं सांगू? फ्रीझर बसवायला आले तेव्हा असेल. नाहीतर नंतर. थंडी होती एवढं आठवतंय. तो फोन पण गेला हो, मे महिन्यात पाण्याच्या बादलीत पडला. नवीन आहे हा.” क्षणभर त्या थांबल्या. “तेव्हाच विचारलं असतंत तर सांगितलं असतं की.”

ताईंनी पोरांचे विचारले. दुसऱ्या रुग्णालयातली पेढी दूध देणार होती, गाडी निघाली होती. तोवर कसेबसे भागेल, असे सिस्टर म्हणाल्या. “भागवावंच लागेल. पण त्या बायांना काय तोंड दाखवू? एक तर रोज दोन बस बदलून येते.”

फोन ठेवल्यावर ताईंना भीतीने दुसरी गोष्ट सुचली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. मौनीच्या चित्रातून जर काही कळत नसेल, तर कुणाच्या चित्रातून कळते? त्यांनी मंजूर केलेल्या जुन्या कामांपैकी एक उघडले. नेटके, लाल चौकट, कड कापलेली. दुसरे उघडले. तसेच. तिसरे. सगळीकडे त्यांचीच शिकवण, त्यांच्याच शब्दांत पाळलेली. एका चित्रात तर कुणी विनोदाने लिहिले होते: ‘ताईंच्या सूचनेनुसार कापले.’

“साहेब,” त्या उठून म्हणाल्या, “सगळे फ्रीझर तपासायला लागतील. सगळ्या ठिकाणचे. आत्ता.”

“बैठक आहे ताई दुपारी.”

“बैठकीत कुणी विचारलं, बाकीचे चालू आहेत का, तर काय सांगाल? चित्रं दाखवाल?”

साहेबांनी खुर्चीत नीट बसून लाइव्ह उघडली.

कामाची वाटणी झाली. ताईंनी मौनीलाही बोलावले. साहेबांनी हरकत घेतली नाही, तोही लगेच आला. प्रत्येक फ्रीझरचे पान लाइव्हवर उघडायचे, पडदा अख्खा टिपायचा, पत्ता, वरची पट्टीची जागा आणि कोपऱ्यातले घड्याळ यांसकट. मग चाचणी संदेश पाठवायचा, आणि त्या वॉर्डला फोन करून विचारायचे: आला का? फोन हिशेबनीस करत होती. तिला खणखणीत आवाज होता आणि कुणाला त्रास होतोय याची पर्वा नव्हती. “हो मॅडम, आत्ता, हातातलं सोडून बघा. नाही, लॉटरी नाही लागली. मेसेज बघा!”

बहुतेक सगळे चालू निघाले. दरवेळी “आला” ऐकले की ताई श्वास सोडत. मग एका रक्तपेढीचा फ्रीझर आला. पान उघडले. हिरवे बटण असायला हवे तिथे राखाडी.

संदेशाची सोय: बंद.

“अरे देवा!” हिशेबनीस म्हणाली. फोन तिच्या कानालाच होता, पलीकडची बाई “काय झालं, काय झालं?” विचारत राहिली.

ताईंनी टास्क बोर्डावर ते काम शोधले. मार्च महिना. चित्र नेटके, चौकट लाल, बटण हिरवे. करणारा: साहेब.

साहेबांनी चित्र मोठे करून पाहिले, जणू कडेच्या पलीकडे आणखी काही सापडेल.

“मी लाइव्हवरच केलं होतं,” ते म्हणाले. “माझी खात्री आहे. खात्री… म्हणजे मी कशाला टेस्टवर करीन?” त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिले. “अहो, बोला की कुणीतरी!”

रक्तपेढीचे रक्त वाचलेले होते. तो फ्रीझर व्यवस्थित चालू होता. ताईंनी आधी सोय चालू केली, संदेश पाठवला, पलीकडून होकार घेतला, आणि मगच मागे टेकल्या. एप्रिलमध्ये लाइव्हवर नवी आवृत्ती बसवली होती, हे मग कुणाला तरी आठवले. त्या कामाचाही पुरावा होता: ‘सेटिंग्ज परत आणल्या’ आणि शेजारी बरोबरची खूण. परत आणण्याची क्रिया चालली, एवढे ते चित्र सांगत होते. प्रत्येक फ्रीझरची सेटिंग परत आली का, हे त्यात कुठेच नव्हते. तेही ताईंनी मंजूर केले होते.

“म्हणजे त्या अपडेटनं उडालं असेल,” साहेब पटकन म्हणाले. “दोन्ही. याचंही आणि माझंही.”

“असेल,” ताई म्हणाल्या. “नसेलही. मगाशी याच्या बाबतीत तुम्हाला अपडेट आठवलं नाही.”

साहेब मौनीकडे न बघताच म्हणाले, “बैठकीला तूही ये. नाव-बिव कुणाचं नाही द्यायचं आज.”

बैठकीला अजून वेळ होता. ताई घटनेचा अहवाल लिहायला बसल्या आणि मौनी जिन्याच्या वळणावर, जिथे सगळे चहा प्यायला उभे राहत, तिथे गेला. ताई त्याच्यामागे गेल्या. त्यांना त्याची माफी मागायची होती, सकाळी मनातल्या मनात धरलेल्या रागाची. पण तोंडून निघाले वेगळेच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला कामाबद्दल प्रश्न विचारला.

“त्या दिवशी नक्की काय झालं रे?”

त्याला वेळ लागला. ताईंनी वाक्य पुरे केले नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी चूळ भरत होते.

“दो… दोन्ही खिडक्या उघड्या होत्या,” मौनी म्हणाला. “लाइव्ह आणि टेस्ट. आधी टेस्टवर करून बघितलं. मग लाइव्हवर. फ… फोटो कुठल्या खिडकीचा काढला, ते नंतर माझ्याच लक्षात येईना. कापून झाला होता.”

“मग?”

“लाइव्हवर केलं असं वाटत होतं. पण पु… पुन्हा जाऊन बघायला हवं होतं. तेवढ्यात तुमची मंजुरी आली.” तो कपाकडे बघत होता. “मला वाटलं, तुम्हाला शंका आली तर तुम्ही विचाराल. तुम्ही विचारलं नाही. म्हटलं, ताईंना दिसलं असेल. त्यांना सगळं दिसतं.”

“अरे, पण मग सांगायचंस ना! लिहायचंस तरी!”

“कुठे लिहू? पु… पुराव्यात शंका कुठे लिहितात? आणि शंका लिहिली, की प्रश्न येणार. प्रश्न आला की…” कप हातात फिरवत तो म्हणाला, “मला कुणी काही विचारतच नाही, ताई. किती वर्षं झाली. जेवलास का, एवढं पण हिशेबनीसबाईच विचारतात.”

सकाळपासून एकामागून एक धक्के बसत होते, पण हा कुठून आला ते ताईंना कळलेच नाही. बैठकीतल्या त्या लाल कानांची दया येऊन त्यांनी जे उभे केले होते, त्याच्या आत हा माणूस एकटा बसून होता, आणि दार बाहेरून त्यांनीच लावले होते.

“मी विचारीन,” त्या कशाबशा म्हणाल्या. “तुला वेळ लागला तरी.”

“साहेब मध्येच बोलतील.”

“बोलू दे. मी त्यांच्याभोवती चौकट काढीन.”

मौनी हसला. कप हिंदकळून त्याच्या सदऱ्यावर सांडला.

बैठकीत मुख्य डॉक्टर बराच वेळ रागावून बोलले, आणि त्यांचे चुकले होते असे कुणी म्हणणार नाही. नावाचा प्रश्न आला तेव्हा साहेबांनी पहिले नाव स्वतःचे घेतले, दुसऱ्या फ्रीझरसकट. ताईंनी अहवालातले वाक्य वाचून दाखवले: पुरावा अपुरा असताना मंजुरी दिली गेली, आणि कड कापण्याची पद्धत तपासनिसाने घालून दिली होती. मग डॉक्टरांनी मौनीला विचारले की त्या दिवशी काम झाले होते की नाही. मौनीने उत्तर दिले. त्याला बराच वेळ लागला. साहेबांनी टेबलाखाली स्वतःचा हात घट्ट धरून ठेवला होता, असे हिशेबनीस आजही सांगते. मौनीचे उत्तर होते: “मला माहीत नाही.” डॉक्टरांनी ते लिहून घेतले. मौनीची नोकरी राहिली.

आता त्या ऑफिसात पडदा अख्खा जोडतात. पत्ता दिसला पाहिजे, घड्याळ दिसले पाहिजे, आणि संदेशाचे काम असेल तर ज्याला संदेश मिळायचा त्याचा होकार. पुराव्याखाली एक रकाना वाढला आहे: ‘कशाची खात्री नाही’. तो बहुतेक वेळा रिकामाच असतो. मौनीचा मात्र क्वचितच रिकामा असतो, आणि तो भरलेला दिसला की ताई उठून त्याच्या टेबलाशी जातात.

२९ फेब्रुवारीच्या दुपारी दुग्धपेढीच्या फ्रीझरची संदेशाची सोय लाइव्ह प्रणालीवर चालू झाली होती का, हे अजूनही ठाऊक नाही. झाली असेल, तर ती कधी आणि कशाने बंद पडली, हेही ठाऊक नाही. एप्रिलच्या बदलाने साहेबांचे काम पुसले गेले की ते मुळात झालेच नव्हते, हे सांगता येत नाही. सिस्टरांना दचकवणारा तो संदेश कोणत्या दिवशीचा होता, याचा आधार उरलेला नाही. चित्राच्या वरच्या कडेला नारिंगी पट्टी होती की नव्हती, हे फक्त कापलेला तुकडा सांगू शकला असता, आणि तो कुठेही साठवलेला नाही.